गोळी बंद केली आणि क्रिएटिनिन उतरलं, मग दोष कुणाचा?

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. आमच्या मालकांचं वय ५२. ऑगस्टमध्ये बीपी १६६/१०० निघालं म्हणून टेल्मिसार्टान ४० सुरू झाली. तेव्हा क्रिएटिनिन १.० होतं. तीन आठवड्यांनी १.२ आलं, डॉक्टर म्हणाले चालतंय. ऑक्टोबरात छाटणीत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून बारा-पंधरा दिवस दोन्ही वेळा घेतल्या. मग तपासलं तर क्रिएटिनिन १.६! शेजारचे अण्णा म्हणाले, बीपीच्या गोळीनंच किडनी जाते, माझा भाऊ असाच डायलिसिसवर गेला. मालकांनी त्या दिवशी सगळ्याच गोळ्या बंद केल्या. महिन्यानं क्रिएटिनिन १.१ आलं, पण बीपी १६८/१०२. आता ते म्हणतात, गोळीनं किडनी बिघडत होती हे सिद्ध झालं, आणि सोडल्यावर बीपी उसळलं म्हणजे सवयपण लागली होती. परत सुरू करायची का? सासूबाईंना अम्लोडिपिन आहे, त्यांचे पाय संध्याकाळी सुजतात. तीपण किडनीचीच सूज का?*
*– एक वाचक ताई, तासगाव तालुका*

ताई, नमस्कार.

तुम्ही आकडे तारखांच्या क्रमानं लिहिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘किडनीवर परिणाम झाला’ एवढंच असतं आणि मग उत्तर देणाऱ्यालाही हवेत बोलावं लागतं. तुमच्या पत्रात मात्र उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे. मालकांनी त्या दिवशी एक नाही, दोन गोळ्या बंद केल्या. बीपीची थांबली आणि दुखण्याचीही थांबली. क्रिएटिनिन उतरल्यावर दोष तेवढा बीपीच्या गोळीच्या माथी आला आणि दुसरी अलगद सुटली. माझा पहिला संशय त्या दुसरीवर आहे. का, ते सांगतो.

आधी १.० चं १.२ झालं त्याबद्दल. ही वाढ खरी आहे आणि ती टेल्मिसार्टानमुळेच झाली असणार. तरीही डॉक्टर ‘चालतंय’ म्हणाले ते बरोबरच होतं. तुमच्या बागेत ठिबक असेल, तेव्हा त्याचा फिल्टर डोळ्यांसमोर आणा. पाणी एका बाजूनं आत येतं, जाळीतून गाळलं जातं. बाहेरचा व्हॉल्व्ह आवळून धरला तर आत दाब वाढतो आणि पाणी जोरात गाळलं जातं, पण जाळीवर सतत ताण राहतो आणि ती लवकर फाटते. किडनीत अशा लाखो बारीक जाळ्या असतात. प्रत्येक जाळीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. टेल्मिसार्टान, लोसार्टान, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या मुख्यतः बाहेरची नळी सैल करतात. आतला दाब उतरतो, गाळण्याचं काम किंचित कमी होतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर सरकतं. जाळीवरचा ताण मात्र हलका होतो. तो रिपोर्ट पाहून किडनी बिघडायला लागली असं वाटतं, पण जाळी वाचते ती त्या उतरलेल्या दाबामुळेच.

हा नुसता तर्क नाही. मधुमेहामुळे किडनी दुखावलेल्या १,५१३ जणांवर लोसार्टानचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लोसार्टान, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बीपीची इतर औषधं दोन्ही गटांत चालू होती. डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येण्याचा धोका लोसार्टानच्या गटात २८ टक्क्यांनी कमी झाला. टेल्मिसार्टान त्याच घराण्यातली. ज्या गोळीवर गावोगाव किडनी खाल्ल्याचा आरोप होतो, तीच किडनीचे डॉक्टर मुद्दाम लिहून देतात, ते यामुळे.

आता ‘किंचित’ म्हणजे किती? आम्ही ३० टक्क्यांचा हिशेब धरतो. गोळी सुरू करण्याआधीच्या आकड्यापेक्षा क्रिएटिनिन ३० टक्क्यांच्या आत वाढलं आणि तिथंच थांबलं, तर गोळी चालू ठेवायची. मालकांचं १.० होतं, म्हणजे १.३ पर्यंत मुभा. १.२ त्यात बसतं. १.६ बसत नाही, ते सरळ ६० टक्के जास्त आहे. ते बघून काळजी करणं रास्तच होतं. प्रश्न एवढाच की ऑगस्ट ते सप्टेंबर शांत बसलेली गोळी ऑक्टोबरातच का बिघडली?

दुखण्याच्या गोळ्या मुळीच निरुपद्रवी नाहीत. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या जाळीत रक्त आत आणणारी नळी आवळतात. एरवी धडधाकट माणसाची किडनी ते चार दिवस सोसते. पण बाहेरची नळी टेल्मिसार्टाननं सैल असताना आतली आवळली, की जाळीत दाबच उरत नाही आणि गाळणं मंदावतं. त्यात ऑक्टोबरचं ऊन, दिवसभर मांडवाखाली हात वर करून छाटणी, घाम जातोय आणि पाण्याची कळशी बांधाला. अंगातलं पाणीच कमी झालं तर किडनीकडे येणारं रक्तही कमी. त्या पंधरवड्यात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. बीपीच्या गोळीच्या नावापुढं ‘एच’ असेल, म्हणजे तिच्यात लघवी वाढवणारं औषधही असेल, तर हा प्रकार आणखी लवकर होतो. वर या दुखण्याच्या गोळ्या बीपीही चढवतात, ते वेगळंच.

एक काम करा. घरात त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतील तर उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांवर पॅरासिटामॉल हे नाव असतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्याच ओळीत शेजारी असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम किंवा आयब्युप्रोफेन लिहिलेलं असतं. नुसती पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीनं बरीच सुरक्षित, जोडगोळी नाही. कंबरेत ‘एक इंजेक्शन ठोका’ म्हणून घेतात तेही पुष्कळदा डायक्लोफेनॅकच असतं. मेडिकलवाल्याला बीपीची गोळी चालू असल्याचं सांगितलं होतं का, हेही मालकांना विचारा. त्यानं विचारलं नसेल आणि यांनी सांगितलं नसेल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडं दुखण्याची गोळी ही औषध म्हणून धरलीच जात नाही, चहासारखी घेतली जाते.

माझा संशय खरा की अण्णांचा, हे तपासून बघता येतं. क्रिएटिनिन १.१ ला आलेलं आहे, म्हणजे वेळही योग्य आहे. तुमच्या डॉक्टरांकडं चारही रिपोर्ट आणि ते पाकीट घेऊन जा. त्यांना पटलं तर टेल्मिसार्टान एकटीच पुन्हा सुरू होईल, दुखण्याची एकही गोळी न घेता. दोन ते तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण एकाच रक्ताचे दोन लॅबमधले आकडे ०.१ नं सहज पुढंमागं होतात. क्रिएटिनिन १.२ च्या आसपास येऊन थांबलं तर १.६ चा गुन्हा दुखण्याच्या गोळीचा, विषय संपला. १.३ च्या वर चढत गेलं तर मात्र मीही अण्णांच्या बाजूनं येईन, गोळी थांबवायला सांगेन आणि किडनीकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात का, हे बघायला डॉप्लर सोनोग्राफी करायला लावीन. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर या जातीची गोळी खरोखरच सोसत नाही. अशी माणसं थोडी असतात, पण असतात. त्यांच्यासाठी वेगळ्या जातीची औषधं आहेत. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तरी डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात.

तुमच्या पत्रात एक रिपोर्ट मला कुठंच दिसला नाही, तो म्हणजे लघवीचा. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण बघतात. ते ३० च्या आत असेल तर ठीक. क्रिएटिनिन किडनीचं बरंच काम गेल्याशिवाय वाढत नाही, पण जाळी झिरपू लागली की अल्ब्युमिन त्याआधीच लघवीत दिसतं. ही तपासणी नक्की करा. त्यात अल्ब्युमिन जास्त आलं, तर मालकांना टेल्मिसार्टान सोडायचं नाही, उलट धरून ठेवायचं कारण मिळेल.

अण्णांच्या भावाचं दुःख खरं आहे. त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी ठाम बोलणार नाही. पण असा प्रसंग बहुतेक घरांत कसा घडतो ते माहीत आहे. किडनीचा आजार वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. दुखत नाही, ताप नाही, लघवीही नेहमीसारखी होते. किडनी बिघडली की बीपी वाढतं आणि बीपी वाढलेलं राहिलं की किडनी आणखी बिघडते. मग कधीतरी चक्कर आली म्हणून माणूस दवाखान्यात जातो, बीपी २०० निघतं, गोळी सुरू होते. वर्ष-दोन वर्षांत डायलिसिस. घरच्यांच्या लक्षात राहते ती गोळी, कारण ती रोज डोळ्यांसमोर असते. आधीची दहा वर्षं कुणी पाहिलेलीच नसतात. डायलिसिसवरच्या जवळजवळ प्रत्येकाकडं बीपीच्या गोळ्या सापडतील, ते यामुळे. त्यांना विचारायचा प्रश्न असा: गोळी सुरू झाली त्या दिवशी तुमचं क्रिएटिनिन किती होतं? फार थोड्या जणांकडं उत्तर असतं. मालकांकडं आहे, १.०. ती चिठ्ठी जपून ठेवा, पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल.

आता सवयीचं. तुमचेच दोन आकडे शेजारी ठेवा. गोळी सुरू होण्याआधी १६६/१००, सोडल्यावर महिन्यानं १६८/१०२. दोन-चार अंकांचा फरक तर बसल्या जागी दोनदा मोजलं तरी येतो. म्हणजे बीपी जिथं होतं तिथंच परत गेलं. गोळीनं ते खाली धरून ठेवलं होतं, हात काढल्यावर मूळ जागी आलं. यात उसळणं कुठंच नाही. सवय लागते ती कशी, हे आपल्या भागात सांगायला नको. मिश्री लावणाऱ्या बाईला सकाळी ती मिळाली नाही तर डोकं ठणकतं, जीव तळमळतो, आणि दिवसेंदिवस चिमूट वाढत जाते. झोपेच्या काही गोळ्यांचंही तसंच. टेल्मिसार्टान चुकली तर जीव तळमळत नाही. खरी पंचाईत तीच आहे, काहीच होत नाही! तिचा अंमल हळूहळू उतरतो, पहिले दोन-तीन दिवस बीपीही फारसं हलत नाही, माणूस ठणठणीत असतो आणि म्हणतो, बघा, गरजच नव्हती. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही, ते मोजावंच लागतं.

बीपीच्या औषधांत एकदम सोडू नयेत अशी काही आहेत, हे मात्र मालकांना सांगून ठेवा. क्लोनिडिन अचानक बंद केली तर एक-दोन दिवसांतच बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या अचानक थांबवल्या तर छातीत धडधड होते आणि हृदयाचा त्रास असलेल्याला तो वाढू शकतो. या गोळ्या डॉक्टर पायरीपायरीनं उतरवतात. लोकांच्या मनात ‘सोडली की उसळतं’ हे बसलंय ते बहुधा अशाच कुणाच्या तरी अनुभवावरून, आणि मग तो शिक्का सगळ्याच गोळ्यांवर बसला. टेल्मिसार्टान आणि अम्लोडिपिन त्यात येत नाहीत.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? बहुधा हो. ते गोळीमुळे नाही, रक्तवाहिन्या कडक होण्याचा आजार जात नाही म्हणून. डोस मात्र उतरू शकतो. वजन जास्त असेल तर साधारण एक किलो उतरलं की वरचं बीपी एका अंकानं उतरतं, असा ढोबळ हिशेब आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात भाजी-आमटीतलं तर आहेच, शिवाय खर्डा, लोणचं, पापड आणि संध्याकाळच्या भडंगातलंही धरायचं. आपल्याकडं ताटातलं मीठ सोडलं म्हणून लोक समाधान मानतात आणि शेजारी खर्ड्याचा गोळा असतो. मात्र दुकानात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टान मुळातच पोटॅशियम थोडं वाढवते.

गोळी काही दिवस थांबवायची वेळही येते. जुलाब-उलट्या लागल्या, ताप आहे आणि पोटात पाणी टिकत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून टेल्मिसार्टान थांबवायची का विचारा. खाणंपिणं नीट सुरू झालं की एक-दोन दिवसांत ती परत सुरू होते. त्या दिवसांत ती रेटून घेणं धोक्याचं, आणि बरं झाल्यावर विसरून जाणंही धोक्याचंच. साताऱ्याकडच्या वाचकांनी हे वारीसाठीही ध्यानात ठेवावं. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवर पाय दुखतात म्हणून कुणीतरी पुढं केलेली गोळी घेतली जाते, घाम चालूच असतो आणि बीपीची गोळी पिशवीत असतेच. तासगावच्या मांडवाखाली घडलं तेच तिथंही घडू शकतं. आणखी एक, घरात कुणी सून-लेक बीपीसाठी या जातीची गोळी घेत असेल आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, तर आधी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी. गर्भाला ती चालत नाही.

कंबरेचं काय करायचं, हे मालक विचारतीलच, कारण एप्रिलात खरड छाटणी आहे. नुसती पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, लागेल तशी, पण दिवसाला सगळी मिळून तीन ग्रॅमच्या आत. ‘लिव्हरचा त्रास आहे’ किंवा रोज पिणं आहे, तर तीही विचारूनच. शेक, वरून लावायचं मलम, आणि शक्य असेल तर छाटणीच्या आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवून व्यायाम शिकून घेणं. पायाला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी वाटत असेल तर ती नुसती चमक नाही, तपासून घ्या. जडीबुटीची पुडी, भस्म, ‘किडनी साफ करणारा काढा’ असलं काही मधेच सुरू करू नका. त्यात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि पुढच्या रिपोर्टात आकडा हलला तर दोष कुणाला द्यायचा, हा गोंधळ परत होईल.

बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं टेकून बसून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी १३५/८५ च्या आत हवी. १६८ वर महिनोन्‌महिने बसून राहणं किडनीला टेल्मिसार्टानपेक्षा कितीतरी महागात पडतं, म्हणून डॉक्टरांची भेट पुढच्या बाजारापर्यंत लांबवू नका.

सासूबाईंची सूज बहुधा किडनीची नाही. अम्लोडिपिन पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल करते, पाणी घोट्यापाशी झिरपतं. म्हणून ती दोन्ही पायांना, संध्याकाळी जास्त, रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर सकाळी कमी अशी असते. लघवी वाढवणारी गोळी देऊन ती सहसा ओसरत नाही, डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टानसारखी गोळी जोडली की ओसरते. ते डॉक्टर ठरवतील. पण सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवीला साबणासारखा फेस, चालताना धाप, किंवा एकाच पायाला दुखरी सूज यातलं काही असेल तर तो अम्लोडिपिनचा प्रकार नाही, लगेच दाखवा. मालकांची लघवी तपासायला नेताच आहात, तर सासूबाईंचीही त्याच खेपेला द्या.